इंद्रधनुष्याची लाल कडा बाहेरच का असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात पावसाळ्यात दुपार उलटल्यावर पश्चिमेला ऊन पडलेले असते आणि पूर्वेला भुसावळ-जामनेरच्या बाजूने पावसाची सर उतरत असते, तेव्हा इंद्रधनुष्य दिसण्याची उत्तम संधी असते. ते पाहून शाळकरी मुले, त्यांचे पालक आणि कधी कधी शिक्षकही जे प्रश्न विचारतात, त्यांतील बहुतेकांचे उत्तर एकाच गोष्टीत सापडते. ती गोष्ट म्हणजे थेंबातून परतणाऱ्या किरणाचे किमान विचलन. पाठ्यपुस्तकातील आकृतीत एक थेंब आणि एकच किरण दाखवलेला असतो, त्यामुळे ही गोष्ट नजरेआड राहते. येथील उत्तरे म्हणून तिच्याभोवतीच लिहिली आहेत.

## थेंबात शिरलेल्या किरणाचे नेमके काय होते?

सूर्यकिरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, म्हणजे त्याचे अपवर्तन होते. मग तो थेंबाच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो. तेथे त्याचा बराचसा भाग पलीकडे निघून जातो आणि थोडा भाग परावर्तित होऊन पुढे येतो. हा परतलेला भाग थेंबातून बाहेर पडताना पुन्हा एकदा वाकतो. दोन अपवर्तने आणि त्यांच्यामध्ये एक परावर्तन एवढाच हा प्रवास आहे.

या प्रवासात किरणाची दिशा एकूण किती बदलली, याला विचलन म्हणतात. किरण आल्या वाटेनेच सरळ मागे फिरला तर विचलन १८० अंश होते. इंद्रधनुष्य घडवणारा किरण मात्र पूर्ण मागे फिरत नाही. त्याचे विचलन सुमारे १३८ अंश असते, म्हणजे तो आल्या वाटेशी सुमारे ४२ अंशांचा कोन करून आपल्याकडे येतो. परतणारा किरण आल्या वाटेशी जो कोन करतो, त्याला पुढील उत्तरांत आपण परतीचा कोन म्हणू. विचलन जितके कमी, तितका परतीचा कोन मोठा, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे होते.

## थेंब तर गोल आहे आणि किरण त्यावर सगळीकडे पडतात. मग नेमके ४२ अंशच का?

हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याचे उत्तर एका किरणाच्या आकृतीवरून कधीच मिळत नाही. त्यासाठी एकाच थेंबावर वेगवेगळ्या ठिकाणी पडणारे अनेक किरण एकामागोमाग तपासावे लागतात. फ्रान्सचा रने देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमके हेच केले होते. आपणही ते लाल प्रकाशासाठी करून पाहू. लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक १.३३१ धरू.

थेंबाच्या बरोबर मध्यावर पडणारा किरण पृष्ठभागाला लंब असतो, म्हणजे त्याचा आपाती कोन शून्य असतो. तो न वाकता आत जातो, मागच्या भिंतीवरून उलटतो आणि आल्या वाटेनेच परततो. त्याचा परतीचा कोन शून्य. आता मध्यापासून थोडे वर सरकू. आपाती कोन ३० अंश झाला की पाण्यातील अपवर्तन कोन सुमारे २२ अंश होतो आणि परतीचा कोन २८.३ अंश निघतो. हा हिशोब अवघड नाही. अपवर्तन कोनाची चौपट करायची आणि तीतून आपाती कोनाची दुप्पट वजा करायची. आपाती कोन ४५ अंश असताना परतीचा कोन ३८.४ अंश होतो आणि ५५ अंशांना तो ४१.९ अंशांवर पोहोचतो.

येथवर किरण जसजसा थेंबाच्या कडेकडे सरकतो, तसतसा परतीचा कोन वाढत जातो. आपाती कोन सुमारे ५९.५ अंश झाला की परतीचा कोन ४२.४ अंश होतो आणि त्यापुढे मात्र तो वाढायचे सोडून कमी होऊ लागतो. आपाती कोन ६५ अंश असताना तो ४१.७ अंश असतो, ७५ अंशांना ३६.१ अंश आणि थेंबाच्या अगदी कडेला चाटून जाणाऱ्या किरणासाठी अवघा १४.८ अंश. म्हणजे लाल किरण थेंबावर कोठेही पडला, तरी एका परावर्तनानंतर तो ४२.४ अंशांपलीकडे परतू शकत नाही. परतीच्या कोनाची ही कमाल मर्यादा म्हणजेच विचलनाची किमान मर्यादा, आणि ती १३७.६ अंश आहे. किमान विचलन म्हणतात ते हेच.

## मर्यादा आहे हे समजले, पण त्या मर्यादेवरच प्रकाश एवढा उजळ का दिसतो?

वर दिलेले आकडे पुन्हा पाहावेत. आपाती कोन ३० वरून ४५ अंशांवर नेला तेव्हा परतीचा कोन दहा अंशांनी बदलला. तो ५५ वरून ६५ अंशांवर नेला तेव्हा मात्र परतीचा कोन ४१.९ वरून ४२.४ पर्यंत चढून ४१.७ वर उतरला, म्हणजे सारा बदल एका अंशाहूनही कमी झाला. थेंबाच्या या पट्ट्यावर पडणारे सगळे किरण बाहेर पडताना जवळजवळ एकाच दिशेने जातात. एका अरुंद दिशेत इतके किरण एकवटल्यामुळे ती दिशा उजळते. इतर दिशांनाही प्रकाश जातो, परंतु तो विखुरलेला आणि म्हणून फिका असतो.

आखाजीला निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्याकडे पाहिले तर हेच दिसते. झोका मधून झपकन जातो, पण दोन्ही टोकांना जिथून तो उलटा फिरतो तिथे क्षणभर रेंगाळतो. न पाहता कोणत्याही क्षणी फोटो काढत गेले, तर बऱ्याच फोटोंत झोका टोकाजवळच सापडेल. कोणतीही राशी वाढता वाढता थांबून उलटी फिरते, तेव्हा त्या वळणाजवळ अशी दाटी होतेच. किमान विचलनाचे वळण नसते, तर पाण्याने रंग वेगळे केले असते तरी आकाशात धनुष्याची स्पष्ट कड कधी उमटली नसती.

## थेंबाच्या मागच्या भिंतीवर पूर्ण आंतरिक परावर्तन होते ना?

नाही. ही समजूत फार पसरलेली आहे आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही ती सर्रास आढळते, म्हणून ती स्पष्टपणे दुरुस्त करणे आवश्यक वाटते. पाण्याचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्यापुढे सगळा प्रकाश पाण्यातच परततो तो कोन, सुमारे ४८.७ अंश आहे. इंद्रधनुष्य घडवणारा लाल किरण मागच्या भिंतीवर सुमारे ४०.४ अंशांच्या कोनाने पडतो, जो क्रांतिक कोनापेक्षा कमी आहे. एवढेच नव्हे, तर हवेतून गोल थेंबात शिरलेला कोणताही किरण आत शिरताना ज्या अपवर्तन कोनाने वाकला त्याच कोनाने मागच्या भिंतीला भेटतो, आणि तो कोन क्रांतिक कोनापलीकडे जाऊच शकत नाही. त्यामुळे तेथे साधे, अंशतः होणारे परावर्तन घडते. आत आलेल्या प्रकाशाचा सुमारे सहा टक्के भाग परततो आणि उरलेला मागच्या बाजूने निघून जातो. इंद्रधनुष्य आकाशात फिके असते, त्यामागे हेही एक कारण आहे.

याचा पुरावा कोणालाही पाहता येतो. हे परावर्तन ज्या कोनात होते, तेथे प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत होतात. म्हणून पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवला, तर धनुष्याचा समोरचा भाग एका स्थितीत उठून दिसतो आणि गॉगल तेथून काटकोनात फिरवला की जवळजवळ नाहीसा होतो. परावर्तन पूर्ण असते, तर असे झाले नसते.

## थेंबाच्या आकृतीत जांभळा किरण वर आणि लाल खाली निघतो. मग आकाशात लाल वर कसा?

आकृती बरोबर आहे आणि आकाशही बरोबर आहे. घोटाळा होतो तो सगळे रंग एकाच थेंबातून आपल्या डोळ्यांत येतात असे गृहीत धरल्यामुळे.

प्रथम थेंबाकडे पाहू. पाण्यात जांभळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक वाकतो, कारण त्याच्यासाठी पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३४३ आहे. तोच हिशोब या आकड्याने केला, तर जांभळ्याचे किमान विचलन सुमारे १३९.४ अंश येते, म्हणजे त्याचा परतीचा कोन जास्तीत जास्त ४०.६ अंश असतो. लाल रंगासाठी तो ४२.४ होता. सूर्य क्षितिजावर आहे असे समजले, तर एकाच थेंबातून लाल किरण आडव्या रेषेपासून ४२.४ अंश खाली झुकून निघतो आणि जांभळा ४०.६ अंश खाली. जांभळा कमी झुकतो, म्हणून तो वरच्या बाजूने जातो. आकृतीत दाखवलेले असते ते हेच.

आता त्या थेंबाकडे पाहणाऱ्या माणसाचा विचार करू. डोळा एकाच जागी आहे. थेंबातून निघालेला लाल किरण डोळ्यांत आला, तर त्याच थेंबाचा जांभळा किरण डोक्यावरून निघून जातो. त्यामुळे तो थेंब आपल्याला फक्त लाल दिसतो. जांभळा प्रकाश पाठवणारा थेंब आपल्या नजरेत खाली असला पाहिजे, म्हणजे त्याचा कमी झुकलेला जांभळा किरण बरोबर डोळ्यापर्यंत पोहोचेल. जो किरण अधिक खाली झुकतो तो पाहण्यासाठी अधिक वर पाहावे लागते. म्हणूनच थेंबात खाली निघालेला लाल आकाशात वर, बाहेरच्या कडेला दिसतो.

जळगावातील एक प्रसंग आकड्यांत मांडतो. जुलैच्या सुरुवातीला सायंकाळी साडेपाच वाजता जळगावला सूर्य क्षितिजापासून सुमारे २२ अंश वर असतो. इंद्रधनुष्याचे केंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेला असते, आणि म्हणून ते क्षितिजाच्या २२ अंश खाली जाते. ४२.४ मधून २२ वजा केले की लाल कडेचा माथा क्षितिजापासून सुमारे २०.४ अंशांवर येतो. जांभळ्याचा माथा सुमारे १८.६ अंशांवर असतो. पावसाचा पडदा दोन किलोमीटरवर आहे असे धरले, तर माथ्याजवळ लाल प्रकाश पाठवणारे थेंब सुमारे ७४५ मीटर उंचीवर असतात आणि जांभळा पाठवणारे सुमारे ६७५ मीटरवर. दोन्हींत ७० मीटरांचे अंतर आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सहा ते सात मीटर वेगाने पडतो, तेव्हा हे अंतर पार करायला त्याला दहा-अकरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तोच एक थेंब आपल्याला आधी लाल, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि शेवटी जांभळा प्रकाश पाठवून जातो, आणि त्याची जागा वरून येणारा दुसरा थेंब घेतो. धनुष्य आकाशात स्थिर वाटते, पण ते घडवणारे थेंब सतत बदलत असतात.

## लाल कडा स्वच्छ आणि जांभळी बाजू धूसर का असते?

याचेही उत्तर कमाल मर्यादेतच आहे. लाल प्रकाश केवळ ४२.४ अंशांवर परतत नाही, तो त्यापेक्षा लहान सर्व कोनांतही थोडाथोडा परततो. म्हणजे प्रत्येक रंगाची आकाशात एक भरीव चकती असते, जिची कड उजळ आणि आतला भाग फिका असतो. लाल चकती सर्वांत मोठी आणि जांभळी सर्वांत लहान. या चकत्या एकाच केंद्रावर एकावर एक ठेवलेल्या आहेत. सर्वांत बाहेरच्या कडेला फक्त लाल चकती पोहोचते, तेथे दुसरा कोणताही रंग मिसळू शकत नाही, म्हणून ती कड शुद्ध लाल दिसते. हिरव्या कडेवर लाल आणि पिवळ्या चकत्यांचा फिका भागही पडलेला असतो. जांभळ्या कडेवर तर सगळेच रंग थोडेथोडे हजर असतात. त्याच्याही आत सर्व चकत्या एकमेकींवर पडून पांढुरका उजेड तयार होतो, म्हणूनच धनुष्याच्या आतले आकाश बाहेरच्या आकाशापेक्षा उजळ दिसते. हा फरक एकदा लक्षात आला की प्रत्येक ठळक धनुष्यात तो दिसतो.

सूर्य हा एक बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे रंग आणखी थोडे मिसळतात. लाल आणि जांभळ्यातील पावणेदोन अंशांचे अंतर त्यामुळे सव्वादोन अंशांच्या पट्ट्यात पसरते.

## जळगाव-धुळ्याकडे भरदुपारी ऊनपाऊस असूनही इंद्रधनुष्य का दिसत नाही?

सूर्य ४२ अंशांपेक्षा अधिक वर असला की धनुष्याचा माथाही क्षितिजाखाली जातो. जुलैच्या सुरुवातीला खानदेशात सकाळी साधारण नऊपासून दुपारी चारपर्यंत सूर्य या उंचीच्या वरच असतो. त्या वेळी कितीही सुंदर ऊनपाऊस असला तरी सपाट जमिनीवरून आकाशात धनुष्य दिसणार नाही. चारनंतर ते पूर्वेच्या क्षितिजाला लागून अगदी बसके उगवते आणि सूर्य जसा खाली जातो तसे वर चढत जाते. साडेपाचच्या वरील उदाहरणात त्याचा मध्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेला असतो, उजवा पाय जामनेरच्या बाजूला आणि डावा भुसावळच्या जरा उत्तरेला. सातपुडा उत्तरेला असल्यामुळे त्या वेळी धनुष्य थेट त्याच्या माथ्यावर शोधण्यात अर्थ नाही.

उंची मोजायला हात पुरेसा आहे. हात पूर्ण लांब करून धरलेली वीत सुमारे २० अंशांची होते. डोक्याच्या सावलीपासून दोन विती मोजल्या की आपण लाल कडेच्या जवळ पोहोचतो.

## दुसऱ्या, बाहेरच्या धनुष्यात लाल आत का असतो?

त्यात थेंबाच्या आत दोन परावर्तने होतात आणि किरण १८० अंशांहून अधिक वळतो. तेथेही किमान विचलन असते आणि लालचेच विचलन सर्वांत कमी असते, परंतु आता अधिक वळलेला किरण केंद्रापासून अधिक दूर दिसतो. म्हणून लाल सुमारे ५०.४ अंशांवर आत येतो आणि जांभळा ५३.५ अंशांच्या जवळ बाहेर जातो. पहिल्या धनुष्याचा प्रकाश ४२.४ अंशांपलीकडे जात नाही आणि दुसऱ्याचा ५०.४ अंशांच्या आत येत नाही, त्यामुळे दोघांच्या मधला पट्टा काळपट दिसतो. या पट्ट्याची नोंद करणाऱ्या अफ्रोडिसियासच्या अलेक्झांडरचे नाव त्याला दिलेले आहे.

## तोरणमाळच्या धुक्यात पांढरे धनुष्य दिसू शकते का?

दिसू शकते, आणि तेथे वरच्या हिशोबाची मर्यादा उघड होते. धुक्याचे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात. इतक्या बारीक थेंबांत प्रकाश सरळ किरणांसारखा वागत नाही. त्याच्या तरंगस्वरूपामुळे प्रत्येक रंगाची कड इतकी रुंद पसरते की सर्व रंग एकमेकांत मिसळून पांढरी कमान उरते. उलट, दोन मिलिमीटरांहून मोठे थेंब पडताना हवेच्या दाबाने चपटे होतात, ते गोल राहत नाहीत, आणि त्यामुळे धनुष्याचा माथा फिका पडून पाय अधिक रंगीत दिसतात. गोल थेंबाचा हिशोब या दोन टोकांच्या मधल्या थेंबांना उत्तम लागू पडतो.

## हे सारे शाळेत करून पाहता येईल का?

येईल. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रायबर्गचा थिओडोरिक आणि इराणचा कमालुद्दीन अल-फारिसी या दोघांनी, एकमेकांचे काम माहीत नसताना, पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलाला मोठा थेंब मानून असेच प्रयोग केले होते.

प्रयोगशाळेतील गोल बुडाचा काचेचा चंबू स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरावा आणि दोरीने टांगावा. सूर्य उतरता असताना त्याकडे पाठ करून उभे राहावे आणि एका विद्यार्थ्याने चंबू दोरीने हळूहळू वर चढवत न्यावा. चंबूवर एक पांढरा ठिपका सतत दिसत राहील. तो काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून आलेला साधा परावर्तित प्रकाश आहे, त्याला रंग समजू नये. रंगांचा ठिपका चंबूच्या कडेजवळ दिसतो. चंबू जरा जास्तच वर गेला की तो ठिपका एकदम विझतो. तेथून चंबू थोडा खाली आणला की आधी ठळक लाल उजळतो आणि आणखी खाली आणताना पिवळा, हिरवा, निळा असे रंग क्रमाने येतात. लाल विझतो त्या जागी सावलीच्या दिशेपासूनचा कोन मोजावा, तो ४२ अंशांच्या आसपास भरेल. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर तो बहुधा चंबू पुरेसा गोल नसल्यामुळे, मान आड आल्यामुळे किंवा सावलीची रेषा नीट न धरल्यामुळे असतो, आणि चंबू थोडा फिरवून पुन्हा मोजले की तो बराच कमी होतो.